अभिरूप संसदेत गुण कशाला द्यायचे?

आठवीच्या वर्गात अभिरूप संसद भरते. बाकं समोरासमोर लावली जातात, फळ्यावर ठळक अक्षरांत ‘लोकसभा’ लिहिलं जातं, फोटो निघतात आणि संध्याकाळपर्यंत ते पालकांच्या गटावर पोचतात. पुढे कधीतरी वर्षभर चालणाऱ्या आकारिक मूल्यमापनाच्या नोंदवहीत त्या उपक्रमाचा रकाना भरला जातो. पंतप्रधान झालेल्या मुलाला दहापैकी नऊ, विरोधी पक्षनेता झालेल्या मुलीला नऊ, मंत्र्यांना आठ आणि उरलेल्या सगळ्या पटाला सरसकट सात. हे गुण मुलांच्या कामाचे नसून त्यांना मिळालेल्या भूमिकांचे आहेत. भूमिका शिक्षकांनीच वाटलेल्या असतात, त्यामुळे कोणाला किती मिळणार हे सभागृह भरण्याच्या आठवडाभर आधीच ठरलेलं असतं.

या अनुभवावरून काही शिक्षक म्हणतात की अशा उपक्रमाला गुणच देऊ नयेत. मुलांना मोकळेपणाने बोलू द्यावं, लेखी परीक्षा आहेच की. मला हे पटत नाही. आपल्याकडे सातवी-आठवीला आकारिकचे ४० आणि सत्राअखेरच्या संकलित मूल्यमापनाचे ६० अशी विभागणी आहे. आकारिकच्या साधनांत तोंडी काम, उपक्रम, प्रकल्प, स्वयंमूल्यमापन, सहाध्यायी मूल्यमापन हे सगळं आहे. तिथे अभिरूप संसदेला जागा दिली नाही, तर ती २६ नोव्हेंबरच्या संविधान दिनापुरती उरते आणि ४० गुण पुन्हा वह्या, स्वाध्याय आणि छोट्या लेखी चाचण्यांत वाटले जातात. ज्या मुलीला लेखी उत्तर पाठ करता येत नाही पण मंत्र्याला नेमकं कोंडीत पकडणारा प्रश्न विचारता येतो, तिला नागरिकशास्त्रात काही येतं हे मग कुठेच नोंदलं जात नाही. गुण द्यायलाच हवेत. वाद आहे तो कशाला आणि कसे द्यायचे याचा.

शाळांत जे होतं त्याचं मूळ बऱ्याच अंशी स्पर्धेत आहे. १९६२ साली मुंबईत भरलेल्या चौथ्या अखिल भारतीय प्रतोद परिषदेने शिक्षणसंस्थांमध्ये अभिरूप संसदेला प्रोत्साहन द्यावं अशी शिफारस केली. त्यातून केंद्राच्या संसदीय कार्य खात्याने १९६६ मध्ये दिल्लीच्या शाळांपासून युवा संसद स्पर्धा सुरू केली. साधारण पन्नास-पंचावन्न विद्यार्थी, तासाभराच्या आतबाहेरची बैठक आणि शंभरपैकी गुण, असा तिचा साचा. शिस्त, संसदीय कार्यपद्धती, प्रश्नांची निवड, उत्तरांचा दर्जा, भाषणं यांना तिथे गुण असतात, पण ते अख्ख्या संघाला मिळतात. दोन शाळांची तुलना करायला हे योग्यच आहे. त्यातून कुठल्याही एका मुलाला काय आलं हे मात्र समजत नाही, कारण ते समजावं असा त्या तक्त्याचा हेतूच नाही. आपण वर्गात तोच तक्ता किंवा त्याची नक्कल वापरतो आणि त्याच्याकडून वैयक्तिक गुण काढायला बघतो. तिथे पहिला घोळ होतो.

दुसरा घोळ त्याहून मोठा आहे. स्पर्धेच्या तयारीत संवाद लिहून दिले जातात. प्रश्न शिक्षकांचा, उत्तर शिक्षकांचं, उपप्रश्नही शिक्षकांचाच आणि तिसऱ्या मिनिटाला होणारा गोंधळसुद्धा आधी ठरलेला. मुलं तो प्रवेश चांगला वठवतात. पण त्यात तपासण्यासारखं जे उरतं ते पाठांतर आणि अभिनय. ‘तयारी’ म्हणून आपण शिक्षकांच्या लेखनाला गुण देतो आणि ‘वक्तृत्व’ म्हणून मुलाच्या स्मरणशक्तीला. लिहून दिलेल्या संसदेला गुण द्यायचे असतील तर ते कलेच्या विषयात द्यावेत, नागरिकशास्त्रात नकोत. वर्गातल्या संसदेत मूळ प्रश्न आधी माहीत असावा, उपप्रश्न माहीत नसावा. खऱ्या लोकसभेतही तसंच आहे. तोंडी उत्तर मागणाऱ्या तारांकित प्रश्नाची सूचना पूर्ण पंधरा दिवस आधी द्यावी लागते, म्हणून मंत्री उत्तर तयार करून येतात. पूरक प्रश्न मात्र तिथल्या तिथे येतो आणि मंत्र्याला विषय कळला आहे की नाही हे त्या वेळी दिसतं. वर्गात पंधरा दिवसांचे दोन दिवस करावेत, पण हा भेद ठेवावा. तक्त्यातला सर्वांत महत्त्वाचा पुरावा या एका जागी मिळतो.

आता भूमिकांकडे येऊ. अठ्ठेचाळीसच्या वर्गात पंतप्रधान दहा मिनिटं बोलतो आणि मार्शल झालेला मुलगा दाराशी उभा राहतो. त्यांना एकाच तक्त्याने मोजलं तर मार्शलवर अन्याय होतो आणि मार्शलसाठी वेगळा तक्ता केला तर त्याने सरळ उभं राहण्याचे गुण मिळवले असं म्हणावं लागतं. यावर माझं उत्तर असं आहे की न बोलणारी भूमिका वर्गात ठेवूच नये. मार्शल, महासचिव, प्रतिवेदक ही कामं पाळीने करावीत आणि ती करणाऱ्या प्रत्येकाला बैठकीच्या दुसऱ्या भागात सदस्य म्हणून एक मिनिट मिळावं. अध्यक्षांच्या खुर्चीचंही तसंच. लोकसभेत अध्यक्ष सलग सगळा वेळ बसत नाहीत. नियमांप्रमाणे त्यांनी नेमलेल्या, जास्तीत जास्त दहा जणांच्या तालिकेतले सदस्य आळीपाळीने पीठासीन होतात. वर्गात पस्तीस मिनिटांत तीन मुलं ती खुर्ची सांभाळू शकतात आणि ही सवलत नसून खरी पद्धत आहे, हे मुलांना सांगताही येतं.

भूमिका चिठ्ठ्या टाकून वाटाव्यात. हे सुचवलं की शिक्षक अस्वस्थ होतात, कारण तपासणीला कोणी आलं तर पंतप्रधान अडखळलेला चालत नाही. पण निवड शिक्षकांच्या किंवा मुलांच्या मर्जीवर सोडली की काय होतं ते अनेक शाळांत दिसतं. पंतप्रधान आणि गृहमंत्री मुलगे होतात, मुलींकडे महिला व बालकल्याण खातं, स्वागत आणि रांगोळी येते. गावात ज्याचे वडील ग्रामपंचायत सदस्य असतात तो मुलगा विरोधी पक्षनेता होतो. गुणांची विषमता पुढे तिथूनच सुरू होते आणि तक्ता कितीही बारकाईने केला तरी भूमिकावाटपातला अन्याय त्याने भरून निघत नाही.

एवढं झाल्यावर तक्ता साधा ठेवता येतो. मी वीस गुणांचा सुचवतो. तयारीला आठ, बोलण्याला सहा, गटकामाला सहा. आकारिकच्या ४० पैकी दहा या उपक्रमाला द्यायचे असतील तर शेवटी निम्मे करावेत. प्रत्येक निकषाखाली दोन-दोन गुणांच्या ओळी असाव्यात आणि शून्य, एक, दोन म्हणजे काय हे प्रत्येक ओळीत वर्तनाच्या भाषेत लिहिलेलं असावं. ‘उत्तम’, ‘चांगले’, ‘समाधानकारक’ असे शब्द लिहिले की ज्याच्या हातात लेखणी आहे त्याच्या मनासारखे गुण पडतात. दोनपेक्षा जास्त पायऱ्या ठेवू नयेत, कारण पस्तीस मिनिटांच्या तासात तीन आणि चार यांतला फरक कोणालाही प्रामाणिकपणे सांगता येत नाही.

तयारीला सर्वांत जास्त वजन का, असं विचारलं जाईल. संसदेतलं काम मुख्यतः तयारीचं असतं, हे एक कारण. मधू लिमये सभागृहाला जड जायचे ते नियमांवरच्या पकडीमुळे आणि कागदपत्रांच्या अभ्यासामुळे. नाथ पै उत्तम वक्ते होते, पण त्यांच्या वक्तृत्वामागेही अभ्यास होता. आपल्या शाळांत मात्र वक्तृत्व स्पर्धेची जुनी परंपरा आहे आणि तिचा साचा संसदेच्या उपक्रमावर बसतो. दुसरं कारण न्यायाचं आहे. बोलताना धाडस लागतं आणि ते सगळ्यांना सारखं मिळालेलं नसतं. तयारीची संधी मात्र शिक्षक सगळ्यांना सारखी देऊ शकतात. फक्त त्यासाठी तयारी वर्गात व्हायला हवी.

ही अट मी आग्रहाने मांडतो. घरून तयारी करून आणा म्हटलं की ज्याच्या घरी इंटरनेट आणि शिकलेले आई-वडील आहेत तो छापील भाषण घेऊन येतो आणि जिची आई पहाटे शेतावर जाते ती कोरा कागद घेऊन येते. आपण मग पालकांना गुण देतो. त्याऐवजी तीन तास वर्गात द्यावेत आणि प्रत्येक गटाला सारखाच मजकूर द्यावा. पाठ्यपुस्तकातलं संसदेवरचं प्रकरण, विषयाशी निगडित एक-दोन शासकीय पत्रकांच्या प्रती आणि शाळेतच मिळणारी एखादी नोंद. त्यावरून प्रत्येक मुलाने स्वतःच्या हाताने एक तयारीपत्र भरावं. त्यात चार गोष्टी. माझा प्रश्न किंवा माझं उत्तर, पूर्ण वाक्यात. त्याला आधार असलेला एक आकडा किंवा नियम आणि तो कुठे मिळाला. समोरचा काय म्हणेल असं मला वाटतं. त्यावर मी काय म्हणेन. प्रत्येकाला दोन, मिळून आठ. हे पत्र सभागृह भरण्याच्या आदल्या दिवशी शिक्षकांकडे येतं, त्यामुळे आठ गुण बैठकीआधीच देऊन होतात आणि बैठकीच्या दिवशी कोणाचा आवाज दणदणीत आहे याचा त्यांच्यावर परिणाम होत नाही.

तिसऱ्या रकान्याबद्दल थोडं अधिक सांगायला हवं, कारण तिथे मुलं सर्वांत जास्त अडखळतात. समोरचा काय म्हणेल याच्या जागी ‘ते चुकीचं म्हणतील’ किंवा ‘ते काही बोलू शकणार नाहीत’ असं लिहिलेलं आढळतं. त्याला शून्य. शालेय पोषण आहाराला होणाऱ्या उशिराबद्दल प्रश्न असेल तर ‘मंत्री म्हणतील की पैसे कमी आहेत’ याला एक. ‘मंत्री म्हणतील की तांदूळ केंद्र देतं, पण तो शाळेपर्यंत पोचवणं राज्याचं काम आहे, म्हणून उशीर आमच्या हातात नाही’ याला दोन, कारण इथे मुलाला कोणती जबाबदारी कोणाची हे समजलं आहे. याच रकान्यात नागरिकशास्त्र आलं की नाही हे दिसतं.

विषय मुलांच्या माहितीतला असला की हे सारं सोपं होतं. शालेय पोषण आहार घ्या. सहावी ते आठवीच्या मुलामागे दिवसाला १५० ग्रॅम धान्य, पहिली ते पाचवीसाठी १०० ग्रॅम, हे प्रमाण ठरलेलं आहे. योजना केंद्र आणि राज्य दोघांची मिळून चालते, त्यामुळे लोकसभेत शिक्षणमंत्र्यांना प्रश्न विचारणं रास्त ठरतं. प्रश्न लिहायला आपल्या विधानमंडळाचा जुना साचा चांगला आहे. ‘हे खरे आहे काय? असल्यास, याबाबत कोणती कार्यवाही केली? नसल्यास, विलंबाची कारणे काय?’ मुलांना तो पटकन जमतो आणि या तीन पायऱ्यांमुळे प्रश्न मोकाट भाषणाकडे वळत नाही.

समजा, या विषयावर प्रश्नोत्तरांचा तास चालू आहे. एक मुलगा उठतो. आवाज खणखणीत. ‘अध्यक्ष महोदय, मुले ही देवाघरची फुले’ इथपासून सुरुवात करून तो दोन मिनिटं देशाच्या भवितव्यावर बोलतो, एक सुभाषित म्हणतो, टाळ्या घेतो. मंत्री झालेली मुलगी विचारते, सन्माननीय सदस्यांना नेमकं काय विचारायचं आहे? तो म्हणतो, आहार चांगला मिळाला पाहिजे. ती १५० ग्रॅमचं प्रमाण सांगून तो मिळतो असं उत्तर देते आणि तो खाली बसतो.

मागच्या बाकावरून दुसरी मुलगी पूरक प्रश्न विचारते. आवाज कापतो आहे, नजर कागदावर आहे. ‘अध्यक्ष महोदय, मंत्र्यांनी दीडशे ग्रॅम सांगितलं. आमच्या शाळेत सहावी ते आठवीचा पट शहाण्णव हाये. म्हणजे चौदा किलो चारशे ग्रॅम. मंगळवारी एक्याऐंशी पोरं हजर होती, म्हणजे बारा किलो दीडशे ग्रॅम लागलं आसंल. जे सव्वादोन किलो वाचलं त्याची नोंद कुठं करतात आन् ती बघायचा हक्क कुणाला आहे?’ मंत्री गोंधळते, शेजारच्या राज्यमंत्र्याकडे बघते आणि माहिती घेऊन सभागृहाला कळवते म्हणून वेळ मागून घेते.

वक्तृत्व स्पर्धेच्या परीक्षकाने पहिल्या मुलाला वर ठेवलं असतं. माझ्या तक्त्यात बोलण्याच्या सहा गुणांच्या तीन ओळी आहेत. पहिली, शेवटच्या बाकापर्यंत ऐकू आलं आणि वेळेत संपलं का. दुसरी, एक मुद्दा आणि त्याला आधार दिला का. तिसरी, समोरच्याने नुकतंच जे म्हटलं त्याला धरून बोललं का. मुलाला पहिल्या ओळीत एक, कारण ऐकू आलं पण ठरलेलं मिनिट ओलांडलं. दुसऱ्या ओळीत शून्य आणि मंत्र्याने विचारल्यावर काहीतरी उत्तर दिलं म्हणून तिसऱ्या ओळीत एक. एकूण दोन. मुलीला पहिल्या ओळीत एक, कारण मागे नीट ऐकू आलं नाही. दुसऱ्या ओळीत दोन, तिसऱ्या ओळीत दोन. एकूण पाच. वेळ मागून घेणाऱ्या मंत्र्यालाही तिसऱ्या ओळीत दोन द्यावेत. माहिती नसताना ठोकून देण्यापेक्षा माहिती घेऊन कळवते असं सांगणं हे सभागृहातलं मान्य उत्तर आहे आणि मुलांना ते धाडसाने वापरता यायला हवं.

त्या मुलीने ‘हाये’ म्हटलं, ‘आन्’ म्हटलं. तक्त्यात ‘शुद्ध व स्पष्ट उच्चार’ अशी ओळ असती तर तिचे दोन गुण तिथेच गेले असते. ही ओळ शाळाशाळांच्या तक्त्यांत आढळते आणि ती काढून टाकली पाहिजे असं माझं ठाम मत आहे. ती मुलाचं काम मोजत नाही. त्याच्या घरात कोणती मराठी बोलतात ते मोजते. वऱ्हाडी, अहिराणी, मालवणी बोलणारं पोर आणि पुण्यातल्या वाड्यात वाढलेलं पोर यांत तिथे आधीच निकाल लागतो. संसदेचंच उदाहरण द्यायचं तर संविधानाचा अनुच्छेद १२० सांगतो की कामकाज हिंदीत किंवा इंग्रजीत चालेल, पण ज्या सदस्याला या दोन्ही भाषांत आपलं म्हणणं पुरेसं मांडता येत नाही त्याला अध्यक्ष किंवा सभापती मातृभाषेत बोलण्याची परवानगी देऊ शकतात. खऱ्या सभागृहात बोलीची मुभा आहे आणि नकली सभागृहात तिच्यासाठी गुण कापायचे, हे उलटं आहे. अडखळत बोलणाऱ्या मुलांसाठीही वेळेची ओळ शिथिल असावी आणि हे आधीच, तक्त्यातच लिहिलेलं असावं. ऐन वेळी दया दाखवली तर ती मुलाला नकोशी वाटते.

पीठासीन मुलांना याच तीन ओळी लावता येतात, फक्त पुरावा वेगळा. अध्यक्षांचं बोलणं म्हणजे भाषण नव्हे. संविधानाने त्यांना मतही पहिल्या फेरीत दिलेलं नाही, समसमान मतं पडली तरच निर्णायक मत. म्हणून त्यांच्या बाबतीत पाहावं की दोन्ही बाजूंना आलटूनपालटून संधी दिली का, निर्णय देताना कारण सांगितलं का, वेळ संपल्यावर सदस्याला थांबवलं का. हरकतीच्या मुद्द्यावर नुसतं ‘खाली बसा’ म्हणणाऱ्याला दुसऱ्या ओळीत शून्य आणि ‘प्रश्न या खात्याचा नाही, म्हणून परवानगी नाही’ म्हणणाऱ्याला दोन.

मत कोणतं मांडलं याला गुण नाहीत. कोणत्या बाजूने आवाजी मतदान जिंकलं यालाही नाहीत. हे मुलांना आधी स्पष्ट सांगितलं नाही, तर ती शिक्षकांना काय आवडेल याचा अंदाज घेऊन बोलतात. सभात्यागाबद्दल शिक्षक हमखास विचारतात. कारण सांगून, अध्यक्षांना उद्देशून केलेला सभात्याग हा संसदीय मार्ग आहे, त्यासाठी गुण कापू नयेत. दुसऱ्याचं बोलणं बुडवणारा आरडाओरडा हा मात्र गटकामाच्या निकषात येतो.

गटकामाला गुण देणं सर्वांत अवघड आहे आणि इथे शाळा दोन टोकांना जातात. एक टोक म्हणजे सगळ्या गटाला एकच गुण. त्यात दोघं राबतात आणि सहाजण तरतात. राबणाऱ्यांना हे कळतं आणि पुढच्या वेळी तीही हात आखडता घेतात. दुसरं टोक म्हणजे मुलांना एकमेकांना दहापैकी गुण द्यायला सांगणं. तिथे मैत्री, जात, मुलगा-मुलगी, ट्यूशनचा कंपू असं सगळं गुणांत उतरतं. वर्गात नव्याने आलेल्या मुलाला सगळे कमी देतात आणि त्याला त्याचं कारण कोणी सांगत नाही.

मुलांकडून आकडे घेऊ नयेत, घटना घ्याव्यात. बैठकीनंतर प्रत्येकाने दोन वाक्यं लिहावीत. माझ्या गटातल्या कोणी माझ्या कामात नेमकी काय मदत केली आणि मी कोणाला काय केली. ‘तो छान आहे’ असं वाक्य धरायचं नाही. ‘तिने माझ्या उत्तरातला आकडा तपासला, तो चुकला होता’ हे वाक्य धरायचं. दोन्ही बाजूंच्या नोंदी जुळल्या तर दोन गुण, एकाच बाजूची असेल तर एक. जो सगळ्यांच्या नोंदींत येतो पण स्वतःबद्दल काही लिहीत नाही असा एखादा मुलगा वर्गात असतोच. त्याला मात्र एकाच बाजूच्या नोंदींवर पूर्ण गुण द्यावेत, कारण ही पद्धत त्याच्यासाठीच आहे. दुसऱ्या ओळीचा पुरावा महासचिवाच्या नोंदवहीत असतो. प्रश्नाची सूचना ठरलेल्या दिवशी दिली का, मंत्र्याने सहकाऱ्याला माहिती वेळेत पुरवली का. तिसरी ओळ सभागृहातल्या वागणुकीची, म्हणजे दुसरा बोलत असताना ऐकलं का. त्यासाठी प्रतिवेदकाच्या टिपणाचा आधार घेता येतो, पण गुण शिक्षकांनीच द्यावेत. एका मुलाच्या हातात दुसऱ्याचे गुण जाऊ नयेत.

एका शिक्षकाने अठ्ठेचाळीस मुलांचं हे सगळं एका तासात पाहायचं कसं, हा रास्त प्रश्न आहे. ते जमत नाही आणि जमवण्याचा प्रयत्न केला की सुरुवातीला बोलणाऱ्यांकडे लक्ष जातं, शेवटच्या दहा जणांना सवयीने सात-आठ पडतात. म्हणून दोन बैठका घ्याव्यात. एकीत चोवीस मुलं सभागृहात आणि चोवीस प्रेक्षक व पत्रकार गॅलरीत, दुसरीत उलट. चोवीस जणांना सरासरी एक मिनिट दिलं तरी अकरा मिनिटं पीठासीन मुलांच्या कामाला आणि गोंधळाला उरतात. तयारीचे आठ गुण आधीच दिलेले आहेत, गटकामाचे नोंदी वाचून नंतर द्यायचे आहेत, त्यामुळे त्या तासात शिक्षकांचं काम बोलण्याच्या तीन ओळींपुरतं राहतं. त्यातही बैठकीत आकडे लिहू नयेत. नावापुढे मुलाचे तीन-चार शब्द टिपावेत: ‘९६ पट, उरलेला तांदूळ, नोंद कोणाची’. आकडे त्याच दिवशी, बैठक संपल्यावर टिपणावरून घालावेत. दुसऱ्या दिवसापर्यंत थांबलं की नुसता आवाज आठवतो, मुद्दा आठवत नाही.

तक्ता नीट आहे की नाही हे तपासायची सोपी रीत आहे. शाळेतल्या दुसऱ्या कोणा शिक्षकांना, मग ते गणिताचे का असेनात, मागे बसवून सहा मुलांचे गुण स्वतंत्रपणे द्यायला सांगावेत. एखाद्या ओळीत दोघांचे गुण वारंवार जुळत नसतील तर त्या ओळीचे शब्द सैल आहेत, ते बदलावेत. बहुधा ‘मुद्दा’ म्हणजे काय यावरून फरक पडतो. एकाला मत म्हणजे मुद्दा वाटतं, दुसऱ्याला कारणासहित मत. ते ठरवून तक्त्यात लिहिलं की फरक कमी होतो. आणखी एक खूण पाहावी. सगळ्या वर्गाचे गुण पंधरा ते सतरा यांतच दाटले असतील तर तक्ता वापरलेला नाही, नुसता भरलेला आहे.

तक्ता पहिल्या तयारीच्या तासालाच मुलांच्या हातात द्यावा आणि गुण दिल्यावर टिपणासकट दाखवावा. ज्याला वाटतं की आपल्यावर अन्याय झाला त्याने आपल्या तयारीपत्रातली किंवा प्रतिवेदकाच्या टिपणातली ओळ दाखवावी. ती सापडली तर गुण वाढवावेत. तक्रारी येतील, पण बहुतेक दहा मिनिटांत मिटतात, कारण वाद कागदावरच्या ओळीवर होतो.

एकूण पाच तास लागतात. संसद आणि केंद्रीय मंत्रिमंडळावरची प्रकरणं शिकवायला एरवीही तेवढे लागतातच आणि ती याच तासांत शिकवली जावीत, उपक्रम म्हणून वेगळे तास काढू नयेत. सत्तर-बहात्तरच्या वर्गात मात्र हे एका सत्रात होणार नाही, हे मान्य करायला हवं. तिथे अर्ध्या वर्गाच्या बैठका पहिल्या सत्रात आणि अर्ध्याच्या दुसऱ्या सत्रात घ्याव्यात, त्या सत्रात बैठक नसलेल्यांना आकारिकचे ते दहा गुण दुसऱ्या साधनातून द्यावेत आणि तशी नोंद ठेवावी. मुख्याध्यापकांनी आणि केंद्रप्रमुखांनीही तपासणीला आल्यावर बैठकीचे फोटो मागण्याऐवजी कोणत्याही चार मुलांची तयारीपत्रं आणि त्यांच्यापुढचे गुण मागावेत.